पोपटलालचा लोडवाढीचा अर्ज

आमच्या पेठेत पोपटलालचं कापडाचं दुकान होतं. वडील राजस्थानातून आले तेव्हा पाठीवर गाठोडं घेऊन ओझर, बोरी, महाळुंगे अशी गावं करायचे. पोपटलालनं पेठेत गाळा घेतला आणि वर राहायला दोन मजले चढवले. मी समोरचा मेडिकलवाला. तीस वर्षं आमची दारं एकमेकांसमोर उघडत होती, त्यामुळे हा माणूस मला चांगला माहीत होता. निदान मला तसं वाटायचं.

तो फार बोलायचा नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचा. कापड मापताना मीटरपट्टीच्या पुढे चार बोटं सोडून कात्री लावायचा, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, जास्त गेलं की," तर म्हणायचा, "धुतल्यावर आटतं. मग तुम्हीच म्हणाल पोपटलालनं कमी दिलं." गावातल्या बायका मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला त्याच्याकडेच यायच्या. भाव करायला जागा नसायची आणि फसायची भीती नसायची.

त्याची बायको सूरजबाई. तरुणपणी स्टोव्हच्या भडक्यात तिची पाठ आणि एक दंड भाजला होता. पुण्याला चार महिने दवाखान्यात होती. वाचली, पण भाजलेल्या कातडीला पुन्हा घाम कधी फुटला नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. होळी झाली की तिला रोज दुपारी ताप चढायचा. ओली चादर पाठीवर घेऊन ती जिन्याच्या पायरीवर बसून राहायची, कारण घरातली सगळ्यात गार जागा तीच होती. तापाच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. त्या तापाला गोळीनं फरक पडत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

दोन हजार सहाच्या दिवाळीत मुलगा अंकित पुण्याहून दोन एसी घेऊन आला. एक आईच्या खोलीत, एक त्याच्या आणि डिंपलच्या. डिंपलला घरात येऊन वर्षच झालं होतं. पोपटलाल काही बोलला नाही. आईचं नाव पुढे आल्यावर बोलणार तरी काय? त्यानं फक्त रविंद्रला बोलावून घेतलं.

रविंद्र भालेराव हा महाळुंगे पडवळचा. आयटीआय करून त्यानं सरकारी परवाना काढला होता आणि पेठेतलं निम्मं वायरिंग त्याच्या हातचं होतं. त्याचा बाप खंडू वीज बोर्डात रोजंदारीवर खांब उभे करायचा. बोर्डाची पुढे कंपनी झाली, पण लोक अजून बोर्डच म्हणायचे. रविंद्रनं दोन्ही एसी भिंतीवर बसवले, वायर ओढली, आणि वायरची टोकं स्विचबोर्डापाशी न जोडता मोकळी सोडून त्यांना काळी टेप गुंडाळली.

"शेठ, आता नीट ऐका," तो म्हणाला. "तुमचा मंजूर लोड आहे दोन किलोवॉट. बिलावर छापलेलाच आहे. हे दोन एसी मिळून साडेतीनच्या वर जातात. त्यात तुमचा गीझर, फ्रिज, पाण्याची मोटर. साडेसात धरा. थ्री फेज मीटर घ्यावा लागंल."

"मग घेऊ. काय करायचं त्याला?"

"अर्ज करायचा. मी टेस्ट रिपोर्ट देतो. साहेब येऊन पाहणी करतील, कोटेशन देतील, ते भरायचं, की मीटर बदलून मिळतो."

"आणि तोपर्यंत?"

रविंद्र हसला. "तोपर्यंत लोक चालवतात. पुढं कोण अर्ज करतंय, शेठ? हा कागद मी वर्षाकाठी दोन वेळा लिहीत असंन."

"मग हा तिसरा," पोपटलाल म्हणाला. "मंजूर झाल्यावरच टोकं जोड."

त्यानं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. तो मला वाचून दाखवायला दुकानात आला होता, म्हणून आठवतं. विषय : मंजूर विद्युतभार वाढवून मिळणेबाबत. महोदय, मी आपला घरगुती ग्राहक असून माझा मंजूर भार दोन किलोवॉट आहे. मी दोन वातानुकूलन यंत्रे विकत घेतली असून ती अद्याप सुरू केलेली नाहीत. तरी माझा भार साडेसात किलोवॉट करून थ्री फेज जोडणी मिळावी, येणारा खर्च भरण्यास मी तयार आहे. खाली जोडपत्रांची यादी : कंपनीचा छापील अर्ज, परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट, चालू बिलाची प्रत, घराचा उतारा.

"'अद्याप सुरू केलेली नाहीत' हे कशाला?" मी विचारलं.

"खरं आहे म्हणून," तो म्हणाला.

माझ्या दुकानाच्या माडीवर तेव्हा दीड वर्षापासून एसी चालू होता. माझाही मंजूर लोड दोनच किलोवॉट होता. मी मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळलो.

ऑफिसात आवक टेबलावरच्या माणसानं अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला त्याला वेळ नव्हता. पोपटलाल तिथल्या बाकावर तीन तास बसला. शेवटी त्या माणसानं वैतागून प्रतीवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक टाकला. ती प्रत पोपटलालनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानातल्या देवाच्या फोटोमागे ठेवली.

महिना गेला, पाहणीला कोणी आलं नाही. पोपटलाल पुन्हा गेला. साहेबांची बदली झाली होती. जानेवारीत नवे साहेब आले, त्यांना फाईल सापडत नव्हती. त्यानं पोच दाखवली, तेव्हा फाईल कपाटातून निघाली. मार्चमध्ये साहेब म्हणाले, "शेठ, तुमच्या गल्लीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर हो, शंभर केव्हीएची आहे आणि ती आधीच भरलेली आहे. तुम्हाला लोड द्यायचा तर डीपी बदलावी लागेल. प्रस्ताव वर पाठवतो."

"मला लेखी द्याल का?"

"लेखी कशाला? सांगितलं ना."

बाहेर जिन्यात लाइनमन गेणभाऊनं त्याला गाठलं. गेणभाऊ आमच्या पेठेचा जुना लाइनमन, माणूस तसा मायाळू. "शेठ, तुमी बी ना. कशाला कागद करत बसता? घ्या लावून. मीटर पळंल, तुमी बिल भराल, आमचं काय जातंय? सगळी पेठ चालवतीया. इचारतंय कोण?"

"डीपी भरली म्हणतात साहेब."

"कागदावर भरली व्हय? खरं तर ती कवाच उतू गेलीया. फ्यूज टिकत न्हाईत, म्हणून म्या जाड तारंचा येढा मारून ठिवलाय. लोकंच म्हणत्यात, मार बाबा, लाइट पायजे. मग मारतो."

पोपटलालनं हे मला संध्याकाळी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा ती घृणा पाहिली. दुधात माशी दिसावी तसा चेहरा. "फ्यूज जळायसाठीच असतो," तो म्हणाला. "तो जळू दिला नाही तर डीपी जळणार. हे त्याला कळतं, साहेबाला कळतं आणि सगळ्या पेठेला कळतं." मी हो म्हटलं. माझ्या माडीवरच्या एसीची बाहेरची पेटी तेव्हा आमच्या दोघांच्या डोक्यावर घरघरत होती. पेटीचं पाणी त्याच्या चपलेवर पडत होतं. तो दोन पावलं मागे सरकला, पण वर बघितलं नाही.

एप्रिल लागला. त्या वर्षी लोडशेडिंग भयंकर होतं. दिवसातून दोनदा लाइट जायची, आणि परत आली की पेठेतले सगळे एसी एकदम सुरू व्हायचे. खांबावरच्या तारा ताणल्यासारख्या गुंजायच्या. सूरजबाईला ताप चढू लागला. एकदा दुपारी ती पायरीवरच आडवी झाली. अंकितनं बापासमोर आवाज चढवला. गल्लीला ऐकू जाईल इतका.

"भिंतीवर एसी आहे आणि आई जिन्यात पडलीये. कोणासाठी? त्या बोर्डवाल्यांसाठी?"

"मंजूर नाही."

"सगळे चालवतात."

"सगळे माप कमी देतात म्हणून मी देतो का?"

अंकित रागानं दुकान सोडून गेला. डिंपल चार दिवसांनी माहेरी गेली, उन्हाळ्याच्या नावाखाली. पोपटलालनं सूरजबाईला बोरी बुद्रुकला आपल्या मावसभावाच्या मळ्यात नेऊन ठेवलं. तिथे नदीकाठी आंब्याची झाडं होती, पाण्याचा पाट होता, ओसरी गार होती. जाताना ती माझ्या दुकानापाशी थांबली. मी गोळ्या बांधून दिल्या. ती म्हणाली, "भाऊ, यांना समजवा जरा. मला त्या गारव्यात एक रात्र झोपायचं होतं हो." मी म्हणालो, "बोलतो मी." मी बोललो नाही. बोललो असतो, तर माझ्या माडीवरच्या एसीबद्दल बोलावं लागलं असतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, डीपी जळाली. लोडशेडिंग संपून लाइट आली आणि पाचच मिनिटांत मोठा आवाज झाला. तेलाचा काळा धूर उठला. पेठ अंधारी नाही, पण मुकी झाली. पंखे थांबले, फ्रिज थांबले, माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात गेल्या. ऑफिसातून निरोप आला, नवी डीपी यायला चार-पाच दिवस लागतील, आणि चौकशीला उद्या सकाळी साहेब स्वतः येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे पाहिलं, ते आठवलं की अजून तोंड कडू होतं. एसीच्या बाहेरच्या पेट्या सगळ्यांच्या रस्त्याच्या बाजूला. लपवायच्या कुठे? तर लोक शिड्या लावून वर चढले होते. कोणी पेटीवर पोती टाकली, कोणी जुनं लुगडं बांधलं, कोणी पुढे तुळशीची कुंडी ठेवली. पतसंस्थेचे चेअरमन सावळाराम यांच्या इमारतीवर चार पेट्या होत्या. त्यांनी चारही पेट्यांवर संस्थेच्या वर्धापनदिनाचा कापडी फलक पसरला. त्यावर 'सेवेची पंधरा वर्षे' असं लिहिलेलं होतं. आणि मी? मी औषधाचा मोठा पुठ्ठा उलगडून माझ्या पेटीपुढे तारेनं बांधला. खाली उतरलो, तेव्हा पोपटलाल त्याच्या ओट्यावर उभा राहून बघत होता. त्याच्या घरावरच्या दोन पेट्या उघड्या होत्या.

साहेब आले. सोबत गेणभाऊ आणि हातात फाईल. सगळी पेठ गोळा झाली. सावळाराम पुढे होते. त्यांनीच सुरुवात केली. "साहेब, पेठेत म्हातारी माणसं आहेत, लेकरं आहेत. हे कोणामुळे झालं ते कळलं पाहिजे."

साहेबांनी फाईल उघडली. "आमच्या रेकॉर्डला या गल्लीत एसी एकाच घरात आहेत. दोन. त्यांचाच लोडवाढीचा अर्ज आहे."

सगळ्या माना पोपटलालकडे वळल्या. त्या माना वळताना मी पाहिल्या, कारण त्यात माझीही होती. या माणसाचे एसी आहेत हे कागदावर होतं, कारण ते त्यानंच लिहिलं होतं. बाकीच्यांचे कुठेच नव्हते. रस्त्यावर उभं राहून बोट करावं तर सोळा पेट्या मोजता आल्या असत्या, लुगड्यांसकट.

"वा, पोपटशेठ," सावळाराम म्हणाले. "दोन-दोन एसी? गावाला अंधारात ठेवून तुम्ही गार हवा खाताय? डीपीचा खर्च तुम्हीच भरायला पाहिजे."

मागून कोणी म्हणालं, "भरायलाच पाहिजे." आणखी कोणी काहीतरी म्हणालं, त्यात मारवाड्याचा उल्लेख होता. तो आवाज कोणाचा ते मला माहीत आहे. मी लिहीत नाही, कारण तो माणूस रोज माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या नेतो.

पोपटलाल शांत होता. "साहेब, वर चला," तो म्हणाला.

साहेब, सावळाराम, गेणभाऊ, मी आणि आणखी दोघे-तिघे वर गेलो. सूरजबाईची खोली रिकामी होती, गादी गुंडाळलेली. भिंतीवरच्या एसीला कंपनीचं पातळ प्लॅस्टिक अजून तसंच होतं, त्यावर धूळ. बोर्डापाशी वायरची दोन टोकं बाहेर लोंबत होती, काळ्या टेपेत गुंडाळलेली. अंकितच्या खोलीत तसंच.

तेवढ्यात रविंद्र जिना चढून आला. कोणीतरी त्याला निरोप दिला असावा. त्यानं साहेबांना टेस्ट रिपोर्ट दाखवला. "साहेब, ही टोकं मी दिवाळीत टेप केली. टेपेवर माझ्या सहीची पट्टी आहे, बघा. एक दिवस जोडलेलं न्हाई. या घरात साधा कूलर बी न्हाई."

साहेबांनी टेप पाहिली. प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली, ती त्यांनी रुमालाला पुसली. मग साहेब हळूच म्हणाले, "ते ठीक आहे शेठ. पण अहवालात मला काहीतरी कारण लिहावं लागतं. तुमचा अर्ज रेकॉर्डला आहे. बाकीचं मला दिसत नाही."

"खिडकीतून बघा," पोपटलाल म्हणाला. "दिसेल."

खिडकीतून समोर माझी माडी दिसत होती आणि तिच्यावर तारेनं बांधलेला पुठ्ठा. साहेबांनी बघितलं. त्यांनी ते बघितलं हे मी बघितलं. मग त्यांनी मान वळवली.

रविंद्र तापला. "साहेब, कुणाकडं किती एसी, ते मी सांगतो. मीच बसवल्यात. लिहून घ्या."

"रवी," पोपटलालनं त्याला थांबवलं. "तुझा धंदा इथंच आहे. आणि मी माझा अर्ज केला होता, दुसऱ्यांचा नाही." मग तो सावळारामांकडे वळला. "मला तुमचे एसी मोजायचे नाहीत. पण तुम्ही माझ्या घरात उभे राहून हवा खायची गोष्ट बोललात. माझी बायको ताप घेऊन बोरीला आंब्याखाली झोपलीये. आता जिना उतरा."

आवाज चढला नव्हता. पण तोंडात काहीतरी घाणेरडं आल्यावर माणूस ओठ दाबतो, तसे त्याचे ओठ दाबलेले होते. सावळाराम उतरले. आम्ही सगळेच उतरलो.

आठ दिवसांनी पोपटलालला कंपनीची नोटीस आली : मंजूर भारापेक्षा जास्त वापराबाबत खुलासा करावा. पेठेत नोटीस त्या एकट्यालाच आली. त्यानं खुलासा दिला, सोबत पोचेची प्रत आणि रविंद्रचं लेखी. पुढे काहीच कारवाई झाली नाही. नोटीस मागे घेतल्याचं पत्रही कधी आलं नाही. त्यासाठी तो आणखी दोनदा गेला, आणि मग जाणं सोडलं.

नवी डीपी पाचव्या दिवशीच आली होती, दोनशे केव्हीएची. सावळारामांनी तिला हार घातला आणि नारळ फोडला. मग त्यांच्या पाठपुराव्यामुळे ती मिळाली असा मजकूर पेठेच्या फळ्यावर लिहिला गेला. पेट्यांवरची पोती आणि लुगडी त्याच दुपारी निघाली. गेणभाऊ खाली उभा होता. मी त्याला विचारलं, "या वेळी तरी नीट फ्यूज टाकलास ना?" तो म्हणाला, "टाकलाय. टिकंल तवर टिकंल."

डीपी मोठी झाल्यावर पोपटलालच्या अर्जाला अडायला कारण उरलं नाही. जूनमध्ये कोटेशन आलं, त्यानं ते त्याच दिवशी भरलं, आणि पंधरवड्यात थ्री फेज मीटर बसला. रविंद्रनं टेप सोडून टोकं जोडली, पण तोवर पाऊस सुरू झाला होता. सूरजबाई बोरीहून परत आली, वाळलेली, डोळे खोल गेलेले. तिला खोलीत नेऊन पोपटलालनं एसी लावला. ती दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, "बंद करा आता. थंडी वाजते." पुढच्या उन्हाळ्यापासून मात्र ती त्या खोलीतच असायची, आणि ताप तिला पुन्हा तसा कधी आला नाही. अंकित आणि डिंपल पुण्याला स्थायिक झाले. बापलेकांचं बोलणं होतं, पण त्या एप्रिलमधली दुपार अंकित विसरला नाही. आणि मला वाटतं, पोपटलालनंही तिच्याबद्दल स्वतःला माफ केलं नाही.

मी एकदा त्याच्याकडे गेलो. दुकानात कोणी नाही असं पाहून गेलो. म्हणालो, "शेठ, त्या दिवशी माझाही एसी होता."

तो थान गुंडाळत होता. "माहीत आहे. पुठ्ठ्यावर खोकल्याच्या औषधाचं नाव होतं."

"मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. त्यानं थान फळीवर ठेवलं. "साहेबाची मला चीड आली नाही. त्याची नोकरी. सावळारामचीही नाही, तो तसाच आहे. पण तुम्ही सूरजला गोळ्या द्यायचात. तिला काय होतं, हे तुम्हाला माझ्याइतकं माहीत होतं. आणि तुम्ही माझ्या घरात, तिच्या गादीशेजारी गप्प उभे होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही."

मी घरी आलो. लोडवाढीचा अर्ज मी त्यानंतर दोन वर्षांनी केला. तोही कंपनीनं पेठेत तपासणीचं पथक पाठवल्याची बातमी आली म्हणून.

दोन हजार नऊला पोपटलालनं दुकान आणि घर विकलं आणि दोघं मुलाजवळ राहायला निघाली. पेठेनं निरोपसमारंभ ठेवला. पतसंस्थेच्या हॉलमध्ये. चारही एसी चालू होते. सावळारामांनी भाषण केलं. पोपटशेठ म्हणजे प्रामाणिकपणाचं चालतंबोलतं उदाहरण, नियमानं वागणारा आदर्श नागरिक, वगैरे. त्यांच्या आवाजात कुठेही अडखळणं नव्हतं. त्यांनी पोपटलालला शाल पांघरली, नारळ दिला, फोटो निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पोपटलालला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. म्हणाला, "सगळ्यांचा गिऱ्हाईक म्हणून लोभ होता, त्याबद्दल आभार." मग जरा थांबून म्हणाला, "सूरजला इथं फार गार वाटतंय. आम्ही निघतो."

त्यानं शाल काढली, नीट घडी घातली, जशी दुकानात कापडाची घालायचा तशी, आणि खुर्चीवर ठेवली. नारळही तिथेच ठेवला. सूरजबाईचा हात धरून तो हॉलमधून बाहेर पडला. रविंद्र टेम्पोपाशी सामान बांधत उभा होता. त्याला त्यानं जवळ घेतलं. आमच्यापैकी कोणी दारापर्यंत गेलं नाही. चहा आणि वेफर्स आले होते.